धुण्याच्या दगडाशेजारची जागा

आमचे हे रेल्वेत इंजिनिअर आहेत आणि ऑफिसची पेन्सिलसुद्धा घरी आणत नाहीत. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. लेक शाळेत असताना तिला कसल्याशा तक्त्यासाठी एक मोठा कागद हवा होता. ह्यांच्या ऑफिसात तसल्या कागदांची रद्दी पडलेली असायची. तर हे मला स्कूटरवर बसवून अमीनाबादच्या बाजारात घेऊन गेले, त्या गर्दीत घामाघूम झाले आणि कागद विकत घेऊन आले. लखनौच्या ह्या रेल्वे कॉलनीतले नळ, गटारं, छपरं सगळी ह्यांच्या हाताखाली, पण आमच्याच मोरीतला नळ गळायला लागला तर तक्रार नोंदवायची आणि नंबर येईपर्यंत खाली बादली लावून बसायचं. असा माणूस. त्यामुळे हा माणूस खोटं बोलायला लागला की मला लगेच कळतं. सवयच नाही, तर जमणार कसं?

आणि आमची कुत्री गेली त्या दिवशी हे सकाळपासून माझ्याशी खोटं बोलत होते.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते घरातलं नाव आहे, घरातच राहू दे. अर्धी लॅब्रॅडॉर, अर्धी गल्लीतली, अंगानं जाड आणि स्वभावानं आळशी. लेक बारावीत असताना तिनं हट्टानं आणलेली, मग लेक बंगळुरूला निघून गेली आणि कुत्री माझ्या गळ्यात पडली. आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात एक धुण्याचा दगड आहे. वॉशिंग मशीन आल्यापासून त्याच्यावर कोणी धूत नाही. थंडीत त्या दगडाशेजारी ऊन उतरायचं आणि ही बाई तिथे दुपारपर्यंत पसरायची. मी मटार सोलत बसायचे, ती शेंगांची टरफलं खायची. मराठी फक्त आम्ही दोघीच दिवसभर बोलायचो. म्हणजे मी बोलायचे.

तिच्या किडन्या गेल्या. खाणं सुटलं, मग पाणीही पोटात ठरेना. डॉक्टरीणबाई जानकीपुरमहून यायच्या, सलाइन लावायच्या, आणि शेवटी एक दिवस म्हणाल्या की आता हिला फक्त त्रास उरलाय, सुई देऊन सोडवूया. मला तेव्हाही शंका आली. बाई बोलताना घड्याळाकडे बघत होत्या, आणि डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागला की मला वाटतं ह्याला दुसरीकडे जायचंय म्हणून आमचं लवकर आटपतोय. दोन दिवस मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कुत्री उठून अंगणात जायला निघाली, दारातच पडली, आणि तिथेच तिच्याकडून लघवी झाली. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही, लाजल्यासारखी भिंतीकडे तोंड करून राहिली. मग मीच फोन केला.

बाईंनी आधी गुंगीची सुई दिली, मग शिरेतून दुसरी. माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. बाईंनी छातीला नळी लावली, पुष्कळ वेळ ऐकलं आणि मान हलवली. एवढ्यात कुत्रीनं मोठा श्वास घेतला. मी ओरडलेच, “ज़िंदा है! देखिए, साँस ली!” माझा डॉक्टरवरचा सगळा संशय तोंडावर आला असणार, कारण बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नळी पुन्हा लावली, मग माझ्याच कानाला लावून दिली. आत काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, जीव गेल्यावरही कधीकधी छातीचे स्नायू असे आकसतात, पायही हलतो, पण ती आता त्यात नाही. तो ऐकलेला शून्य आवाज मला अजून ऐकू येतो.

मग त्यांनी कामाचं सांगायला सुरुवात केली आणि मला ते बरं वाटलं, कारण हातांना काहीतरी हवं होतं. पाय आत्ताच पोटाशी दुमडून घ्या, ती झोपायची तशी. दोन-तीन तासांत अंग ताठ होईल, मग दुमडता येणार नाहीत आणि जबरदस्ती करायची नाही. डोळे माणसासारखे मिटत नाहीत, ओढत बसू नका. शेपटीखाली जुना टॉवेल घाला, कारण आतलं उरलंसुरलं बाहेर येतं. त्यात घाण वाटून घेण्यासारखं काही नाही, हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसायचं. पट्टा काढून ठेवा. थंड खोलीत जमिनीवर ठेवा, बर्फ लावायचा तर पिशवीवर फडकं गुंडाळून पोटाशी. आणि आज संध्याकाळपर्यंत काय ते ठरवा, उद्यावर ढकलू नका.

“और एक बात,” बाई हातमोजे काढत म्हणाल्या. “मैंने जो दवा दी है, वो शरीर में रह जाती है.” म्हणजे हिला पुरलं आणि उद्या कोणी भटक्या कुत्र्यानं उकरून खाल्लं, तर तोही मरेल. तेव्हा एकतर दहन करा, नाहीतर पाण्यापासून लांब, अंगावर निदान तीन फूट माती येईल असं खोल पुरा, आणि अशा जागी की पुन्हा कधीच कोणी तिथे उकरणार नाही.

“दहनच करू,” हे ताबडतोब म्हणाले.

मी वर बघितलं. हा माणूस घरात पंखा कुठला घ्यायचा हे ठरवायला पंधरवडा लावतो. सासरेबुवा गेले तेव्हा भावांमध्ये विधींवरून वाद चालला होता, तेव्हा हे म्हणाले होते, तुम्ही ठरवा, मला सगळं सारखंच. आणि आज कुत्रीचं अंग गार व्हायच्या आत ह्यांचं ठरलेलं?

“का?” मी विचारलं.

“अगं, सरकारी जागा आहे ही. क्वार्टरच्या अंगणात असं पुरणं बरोबर नाही.”

“नियम आहे?”

“नियम असा नाही. पण बरोबर नाही.”

“पपई लावली तेव्हा बरोबर होतं? अंगणात खड्डा करून शेणखत पुरलं तेव्हा?”

हे चष्मा पुसायला लागले. बोलायला काही नसलं की हे चष्मा पुसतात. पाणी कुठेतरी मुरत होतं, ते कुठे एवढंच मला कळत नव्हतं.

लेकीला फोन केला. ती आधी रडली, मग नेहमीसारखी मराठीत विचारलेल्याचं हिंदीत उत्तर देत म्हणाली, “आई, क्रिमेट करवा दो ना. बाद में ऐशेस मिल जाती हैं, तुम लोगों का ट्रांसफर हुआ तो साथ ले जा सकते हो.” हिलाही ह्यांनी आधीच पढवलंय की काय, असं मला वाटलं. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमची आज ना उद्या बदली होणार. अंगणात पुरलेलं माणूस, बरं, कुत्रं, बरोबर नेता येत नाही. तिथे उद्या दुसरा कोणी साहेब राहायला येणार, बॅडमिंटनचं नेट लावणार.

म्हणून मी शहाण्यासारखी दहनवाल्याला फोन केला. डॉक्टरीणबाईंनीच नंबर दिला होता. शहराबाहेर कोणाचंसं खाजगी दहनगृह होतं, गाडी पाठवून घेऊन जायचे. माणूस फोनवर फार गोड बोलला, आणि मी गोड बोलणाऱ्याला दहा प्रश्न जास्त विचारते. एकटीलाच ठेवणार की आणखी कोणाबरोबर? तो म्हणाला, दोन्ही पद्धती आहेत, एकत्र केलं तर राख मिळत नाही, वेगळं केलं तर मिळते. वेगळं केलं हे मला कसं कळणार? तो म्हणाला, तुम्ही स्वतः या, आत ठेवताना समोर उभ्या राहा. पूर्ण होईपर्यंत थांबू देणार? त्याला दोन-तीन तास लागतात, मॅडम, आणि थंड व्हायला आणखी, बाहेर बाकं आहेत. आणि ज्यांना येता येत नाही त्यांना? त्यांना व्हिडिओ पाठवतो.

व्हिडिओ! चादरीत गुंडाळलेलं कुठलंही कुत्रं दाखवलं तरी मला काय कळणार? मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, दुसऱ्या कोणाची राख मी घरात ठेवून तिच्याशी बोलत बसायची नाही.

“अगं पण तो म्हणतोय ना, समोर उभं राहू देतो. आपण जाऊ. मी सुट्टी टाकतो, शेवटपर्यंत बसतो.”

खरं सांगायचं तर त्या माणसाची उत्तरं सरळ होती आणि ह्यांचंही म्हणणं सरळ होतं. दुसऱ्या कोणी एवढं सांगितलं असतं तर मी मानलंही असतं. पण मार्चच्या तोंडावर सुट्टी टाकतो म्हणणारा हा माणूस कोण? लेकीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी हे पुलाच्या पाहणीला गेले होते. एवढी घाई, एवढा उत्साह, कशासाठी? मला वाटलं, ह्यांना ती अंगणात नकोच आहे. जिवंत होती तेव्हा सोफ्यावर केस पडतात म्हणून कुरकुर करायचे, आता मेल्यावर घराबाहेर काढायची घाई झालीय. आणि हा विचार एकदा डोक्यात बसला तो बसलाच.

“ती इथेच राहील,” मी म्हटलं. “बाई म्हणाल्या तेवढं खोल खणू. मला ती आगीत घालायची नाही. शेगडी पेटवली तरी पळून जायची ती.”

हे म्हणाले, “समोरच्या बागेत करू मग.”

आता मात्र मला हसूच आलं. समोरच्या बागेतली हिरवळ हा ह्यांचा जीव. तिच्यावर कुत्रीनं पाय ठेवला तरी हे आतून हाक मारायचे. तिथे खड्डा?

“समोर घरात येणारी पाण्याची लाइन आहे. तुम्हीच दाखवली होती. डॉक्टरांनी पाण्यापासून लांब सांगितलंय. शिवाय फाटक उघडं असतं, सगळी भटकी येतात.”

“हो, तेही आहे.”

“मागे. धुण्याच्या दगडाशेजारी.”

ह्यांनी त्यावर जो चेहरा केला तो मी कधी पाहिला नव्हता. भीती वाटल्यासारखा.

हे चौकात जाऊन दोन मजूर घेऊन आले. ऑफिसची माणसं बोलवायचा प्रश्नच नव्हता. मजूर फावडी घेऊन अंगणात आले तेव्हा हे दगडाशेजारच्या जागेवर उभे राहिले आणि कंपाउंडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते बघत राहिले, जमिनीत काहीतरी दिसत असल्यासारखे. मग म्हणाले, “इथे नको. तिकडे, भिंतीला लागून खणू.”

“भिंतीला लागून? पाया उघडा पडतो म्हणून मला तिथे गुलाबसुद्धा लावू दिला नव्हता तुम्ही.”

“मग... कोपऱ्यात.”

“कोपऱ्यात कचरा जाळतो आपण. ती कचरा आहे का?”

मजूर फावड्यांना टेकून ऐकत होते. मराठी कळत नसली तरी भांडण कळतंच. आमचा माळी तेवढ्यात मिठाचं पोतं घेऊन आला, कारण पुरताना मीठ घालायचं असतं हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि खरं तर आमच्या मिरजेकडेही घालतात. मी लगेच पोतं ओढून घेतलं. हे म्हणाले, डॉक्टरांनी नको सांगितलंय. कधी सांगितलं? तू आत टॉवेल आणायला गेलीस तेव्हा विचारलं मी. मिठानं माती मरते, आजूबाजूचं काही उगवत नाही, आणि शरीर मातीत मिसळायला उलट उशीर लागतो. चुनाही नको म्हणाल्या. नुसती माती पुरे.

म्हणजे ह्यांनी पुरण्याचं सगळं विचारून ठेवलं होतं. दहन दहन करणाऱ्या माणसानं, माझ्या पाठीमागे! मला काहीच कळेना, आणि काही कळत नाही तेव्हा मला राग येतो. मी म्हटलं, “दगडाशेजारीच. दुसरीकडे कुठे खणलंत तर मी तिला उचलून रिक्षात घालून मिरजेला घेऊन जाईन.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मग मजुरांना म्हणाले, “यहीं खोदो. खूब गहरा.”

खणताना हे तिथून हलले नाहीत. कमरेएवढं झालं तेव्हा मजूर थांबले, ह्यांनी मान हलवली, और. छातीपर्यंत झालं, और. बाजू ढासळू नये म्हणून वरची माती लांब ओढायला लावली. शेवटी स्वतः खाली उतरून टेपनं मोजलं की तिच्या अंगावर किती माती येईल. बाईंनी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्तच आली.

तिला मी सुती चादरीत गुंडाळलं, लेकीच्या जुन्या पलंगाची, निळ्या फुलांची. प्लास्टिक नाही, तिची ती लोकरीसारखी दिसणारी नायलॉनची गादीही नाही, कारण ते मातीत विरत नाही. पट्टा काढलेला होता. ती झोपायची तशीच दुमडलेली होती. मी डोकं धरलं, ह्यांनी मागचं अंग. टॉवेल तिच्याखाली तसाच ठेवून उचलायचं हे ह्यांनीच सुचवलं, म्हणजे मध्ये लोंबणार नाही. खाली उतरलेल्या मजुराच्या हातात देताना हे त्याला म्हणाले, “आराम से. डालना नहीं, रखना है.” ह्यांचा आवाज फाटला होता. मला ते ऐकू आलं, पण मी त्याचा नीट विचार केला नाही. तेव्हा माझ्याकडे संशय होता, त्यात सगळं बसत होतं. बोचणी असणार, असं मला वाटलं.

माती ढकलून झाल्यावर वर फरशीचे दोन जड तुकडे ठेवले, उकरू नये म्हणून. मी एक पणती लावली. हे आत जाऊन आंघोळ करून ऑफिसला गेले. गेलेच.

त्यानंतरचे दिवस मी फार वाईट काढले. घरात पावलांचा आवाज नाही, मटार सोलताना पायाशी कोणी नाही. टरफलं फेकून द्यायची असतात हे मी विसरूनच गेले होते. आणि त्यात एका सकाळी खिडकीतून बघते तर हे मागच्या अंगणात टेप घेऊन उभे. फरशीच्या तुकड्यापासून भिंतीपर्यंत माप घेत होते. मग वाकून, एक डोळा मिटून, शेजारच्या अंगणाकडे बघत होते.

मी दार उघडलं. “काय करताय?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“माती बसलीय का बघत होतो.”

माती बसली की नाही हे भिंतीपर्यंत टेप लावून बघतात? मला शंका यायची ती आलीच. हे तिला इथून काढणार. मी मिरजेला गेले की माणसं लावणार, आणि परत आल्यावर मला सांगणार की सगळं जिथल्या तिथे आहे. मी आईकडे जायचं तिकीट रद्द केलं. ह्यांना सांगितलं, गुडघा दुखतोय. रोज सकाळी हे ऑफिसला गेले की मी जाऊन फरश्या हलल्यात का बघायचे. एका फरशीच्या कडेला खुणेसाठी बांगडीचा तुकडा खोचून ठेवला होता. आता लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते आणि हसूही येतं, पण तेव्हा मी रात्री जेवताना ह्यांच्या तोंडाकडे असं बघायचे की बिचारे भाजीत काही पडलंय का म्हणून ताट बघायचे. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि हो म्हणाले असते, तर मग मी काय केलं असतं?

होळी झाली. पुढच्या आठवड्यात शेजारच्या वहिनी, त्यांचे मिस्टर लेखा विभागात आहेत, समोरच्या बागेच्या भिंतीवरून डोकावल्या. कानपूरच्या आहेत, पण मला बघून “कशा आहात” म्हणतात, तेवढंच मराठी. त्यांच्या मागच्या अंगणातले मिरचीचे वाफे माणसं उपटत असल्याचं सांगायला आल्या होत्या.

“आपका भी जाएगा ना सब?” त्या म्हणाल्या.

“काय जाएगा?” मी गोंधळले की माझी हिंदी अशी होते.

“अरे, सीवर लाइन! नई वाली. सबके पीछे से जा रही है. भाई साहब ने बताया नहीं? उन्हीं का तो काम है, सर्दियों में ही पास हो गया था.”

नवीन गटार, सगळ्या मागच्या अंगणांतून, एका सरळ रेषेत. थंडीतच मंजूर झालेलं. म्हणजे कुत्री आजारी होती तेव्हाच, मी तिला चमच्यानं पाणी पाजत होते तेव्हाच. ह्यांनी कागदावर रेघ ओढली होती, ती थेट माझ्या धुण्याच्या दगडावरून. ह्यांना माहीत होतं. म्हणून दहन. म्हणून समोरची बाग, म्हणून कोपरा, म्हणून ती भीती. आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही! सांगितलं असतं तर मी काय दगड होते, ऐकलं असतं. असं मला त्या क्षणी वाटलं. खरं म्हणजे मी ऐकलं नसतं. ती जागा जाणार हे कळलं असतं तर मी ह्यांच्या ऑफिसात जाऊन बसले असते, आणि ते ह्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

पण राग ताजा होता. आता ते लोक खणणार, ह्यांचेच लोक, आणि आमची कुत्री त्या निळ्या चादरीतून वर येणार, आणि अंगात ती दवा असलेली, आणि कॉलनीतली सगळी भटकी भोवती. बाई म्हणाल्या होत्या, पुन्हा कधीच कोणी तिथे उकरणार नाही अशी जागा. आणि मीच, हट्टानं, बरोबर गटाराच्या वाटेवर तिला ठेवलं होतं. मी घरातून धावत मागच्या दाराशी आले.

अंगणात हे उभे होते. ऑफिसच्या वेळेत, हेल्मेट घालून. सोबत कंत्राटदाराचा माणूस, हातात चुन्याची बादली. शेजारच्या अंगणातून चुन्याची पांढरी रेघ सरळ आली होती, सुतासारखी, त्याच्याही पलीकडच्या, त्याच्याही पलीकडच्या अंगणातून. भिंतीखालून आमच्याकडे शिरली होती. आणि आमच्याकडे शिरल्यावर ती वळली होती. तिरकी मागच्या भिंतीकडे गेली होती, तिथे चेंबरसाठी चौकोन आखला होता, आणि तिथून पुन्हा तिरकी होत पलीकडच्या अंगणात आपल्या जागी जाऊन मिळाली होती. धुण्याचा दगड आणि त्या दोन फरश्या मध्ये सुटल्या होत्या.

मी दाराआडच थांबले.

कंत्राटदाराचा माणूस रेघ बघत होता. “साहब, चेंबर यहाँ क्यों सरका दिया? सीधा ही तो जा रहा था.”

“अड़चन है,” हे म्हणाले.

“क्या अड़चन? नीचे तो कुछ दिखाया नहीं है.”

“पेड़ है. जड़ें आएँगी पाइप में.”

त्या माणसानं आजूबाजूला बघितलं. मीही बघितलं. पपई केव्हाच वठून गेली होती. अख्ख्या अंगणात झाड म्हणून एक तुळशीची कुंडी होती. तो माणूस ह्यांच्याकडे असं बघत होता, जसं मी एवढे दिवस बघत होते: हा साहेब काहीतरी खातोय, पण काय, ते कळत नाही. आपल्या मागच्या अंगणातून वहिनीही बघत होत्या, आणि त्यांच्याही डोळ्यांत तेच होतं. नोकरीच्या एवढ्या वर्षांत ह्यांच्याकडे कोणी असं बघितलं नव्हतं. हे चष्मा काढून पुसायला लागले.

मी आत गेले. कोपऱ्यात बसून रडले. कुत्री गेली त्या दिवशीही इतकी रडले नव्हते. मग तोंड धुतलं, पर्स घेतली आणि रिक्षा करून नर्सरीत गेले. तिथल्या माणसाला म्हटलं, लहान रोप नको, चांगलं वाढलेलं झाड दे, आजच लावायचंय. त्यानं कडुनिंब दाखवला, माझ्या डोक्याहून उंच. दोघांनी धरून रिक्षात आडवा घातला.

हे संध्याकाळी आले तेव्हा मी मागच्या अंगणात होते. फरश्या जरा बाजूला सरकवून, वरच्याच मातीत, जेमतेम गुडघाभर खड्ड्यात माळ्याबरोबर तो लावून मी आळं करत होते. हे दारात थांबले.

“बघितलं पाहिजे,” म्हणाले, “इथे लावलं तर मुळं पाइपात जातील का.”

“जाणारच आहेत,” मी म्हटलं. “म्हणून तर चेंबर तिकडे नेला ना तुम्ही.”

हे खाली बसले, ऑफिसच्या कपड्यांनिशी, आणि हातानं माती दाबायला लागले.